खुर्चीवर बसलं की खालचं का दिसेनासं होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंचायत समितीत विस्तार अधिकारी म्हणून मी निवृत्त झालो. त्याआधी बरीच वर्षं ग्रामसेवक होतो (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, नाव मोठं झालं, दप्तर तेवढंच आहे). हल्ली मराठवाड्यात नव्याने बढती मिळालेल्या कर्मचाऱ्यांसमोर आणि नव्या सरपंचांसमोर बोलायला मला बोलावतात. विषय एकच असतो. हातात अधिकार आला की हाताखालच्या माणसाच्या जागेवरून बघायची आपली सवय का मोडते? बोलून झालं की चहाच्या वेळी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून ते उत्तरांसकट इथे लिहून ठेवले आहेत.

सत्ता आली की माणूस वाईट होतो, असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही. वाईट माणसाचं काय करायचं ते सगळ्यांना माहीत असतं. मला बोलायचं आहे ते चांगल्या माणसाबद्दल. तो लाच घेत नाही, कुणावर ओरडत नाही, वेळेवर येतो, आणि तरीही त्याच्या सहीमुळे कुणाला काय भोगावं लागतंय याचा त्याला पत्ता नसतो. त्यात त्याचा हेतू खोटा नसतो. त्याचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं आणि ते गेलंय हे त्याला जाणवतही नाही. गावाकडे आपण “खुर्ची डोक्यात गेली” म्हणतो तेव्हा मिजास म्हणायची असते. मी म्हणतोय ती गोष्ट मिजास न करणाऱ्यालाही होते. मलाही झाली होती, ते पुढे येईलच.

मग नेमकं काय बदलतं?

सुसान फिस्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1993 साली एक साधी गोष्ट मांडली होती: लक्ष खालून वर वाहतं. ज्याच्या हातात आपलं काही असतं, त्याच्याकडे आपण बारकाईने बघतो. पगार, बदली, रजा, रोजगार हमीचं मस्टर, टँकरची खेप, ज्याच्या हातात यातलं काही आहे त्याचा मूड आपल्याला ओळखावाच लागतो. उलट ज्याच्यावर आपलं काही अडत नाही, त्याच्याकडे बघायची गरज नसते. शिवाय वरच्याच्या हाताखाली माणसं जास्त आणि वेळ कमी, म्हणून तो एकेक माणूस न बघता गठ्ठ्याने बघतो: “वाडीवरचे लोक असेच”, “हे कोयतेवाले असेच”.

माझ्या कार्यालयातलं सांगतो. आमच्याकडे एक शिपाई होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. माझ्या चहात साखर अर्धा चमचा, हे मामांना ठाऊक होतं. माझी रक्तदाबाची गोळी सकाळी कधी, जिल्हा परिषदेतून फोन आला की मी चष्मा काढून टेबलावर ठेवतो म्हणजे आज काही विचारायचं नाही, हेही ठाऊक होतं. आणि मला मामांबद्दल काय माहीत होतं? नाव, गाव, निवृत्तीला किती वर्षं राहिली, बस. त्यांच्या घरी पाणी कुठून येतं हे मला माहीत नव्हतं. टँकरच्या कामावर देखरेख ठेवणारा अधिकारी मीच होतो, तरीही.

मामा माझ्यापेक्षा मायाळू होते, असं मला म्हणायचं नाही. त्यांना माझ्याकडे बघणं भाग होतं आणि मला त्यांच्याकडे बघणं भाग नव्हतं, एवढाच फरक.

कपाळावर अक्षर काढायचा प्रयोग ऐकलाय. तो खरा आहे का?

प्रयोग खरा आहे. त्यातून जे सांगितलं जातं ते मात्र जपून घ्यावं लागतं.

ॲडम गॅलिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 2006 साली प्रसिद्ध केला. निम्म्या विद्यार्थ्यांना सांगितलं, तुमची दुसऱ्यावर सत्ता होती असा एखादा प्रसंग आठवून लिहा. बाकीच्यांना सांगितलं, दुसऱ्याची तुमच्यावर सत्ता होती असा प्रसंग लिहा. मग प्रत्येकाला मार्कर दिला आणि स्वतःच्या कपाळावर इंग्रजी ‘ई’ काढायला लावला. तो समोरच्याला सरळ वाचता येईल असा काढता येतो, किंवा आपण आतून वाचतोय असा, म्हणजे समोरच्याला उलटा दिसेल असाही काढता येतो. सत्तेचा प्रसंग आठवलेल्यांपैकी 33 टक्क्यांनी तो स्वतःला सरळ असा काढला. दुसऱ्या गटात असे 12 टक्के होते. त्याच लेखातल्या आणखी एका प्रयोगात सत्तेचा प्रसंग आठवलेल्यांकडून छायाचित्रांतल्या चेहऱ्यांवरचे भाव ओळखताना जास्त चुका झाल्या.

आता दुसरी बाजू. पहिल्या प्रयोगात माणसं होती जेमतेम 57. पुढे अनेक विद्यापीठांनी मिळून जुने प्रयोग पुन्हा करून बघायचा एक मोठा उपक्रम केला, त्याचे निष्कर्ष 2016 साली आले. त्यात कपाळावरच्या ‘ई’चाही समावेश होता, आणि तिथे असा फरक दिसला नाही. त्यामुळे “पाच मिनिटं सत्तेची आठवण काढली की माणूस आंधळा होतो” असं कुणी सांगितलं तर मी मान हलवत नाही. माझ्या बैठकांत मीसुद्धा पूर्वी मार्कर वाटायचो. लोक हसायचे, मजा यायची. आता ते बंद केलंय, कारण कपाळावर अक्षर सरळ काढणारा माणूस घरी जाऊन निश्चिंत होतो की आपल्याला काही झालेलं नाही.

मला जास्त खरं वाटतं ते फिस्कबाईंचं: कोण कुणावर अवलंबून आहे आणि कुणाला काय कळवलं जातं. ही गोष्ट पाच मिनिटांत घडत नाही. तिला वर्षं लागतात, आणि ती कपाळावर नाही, कार्यालयात दिसते.

मेंदूतच बदल होतो म्हणतात?

2014 साली कॅनडातल्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता. कुणीतरी रबरी चेंडू दाबतानाचा व्हिडिओ विद्यार्थ्यांना दाखवला आणि बघणाऱ्याच्या मेंदूतून हाताच्या स्नायूंकडे जाणारा प्रतिसाद मोजला. सत्तेचा प्रसंग आठवलेल्यांमध्ये तो कमी भरला. वाचायला छान आहे, पण चेंडू दाबण्यावरून तहसीलदारांच्या मनाचा अंदाज बांधू नये.

तुम्ही टँकरचं उदाहरण नेहमी देता. ते सविस्तर सांगाल?

सांगतो, कारण त्यात चुकलेला साहेब मीच आहे.

दुष्काळाचं वर्ष होतं. एका गावाची लोकसंख्या, वस्ती धरून, साधारण 1,850. टँकरचा हिशेब माणशी रोज 20 लिटरचा, म्हणजे 37,000 लिटर. टँकर 12,000 लिटरचा, म्हणून रोज तीन खेपा मंजूर. दोन गावठाणाच्या विहिरीत सोडायच्या, तिसरी वस्तीच्या विहिरीत. लॉगबुकवर प्रत्येक खेपेला गावातल्या माणसाची सही. मी आठवड्याला लॉगबुक तपासायचो. तीन खेपा, तीन सह्या, सगळं जागच्या जागी. माझ्या हद्दीतलं हे सगळ्यात व्यवस्थित गाव, असं मी आढावा बैठकीत सांगितलेलं आहे.

मी वस्तीवर गेलो नाही असंही नाही. दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा सकाळी अकराच्या सुमाराला. जीप विहिरीजवळ उभी केली, चार बाया जमल्या, मी विचारलं, “पाणी येतं ना?” त्या म्हणाल्या, “येतंय साहेब.” मी निघालो. त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. पाणी येतच होतं.

त्याच उन्हाळ्यात आमचे मामा उशिरा यायला लागले. साडेदहा, कधी अकरा. डोळे तारवटलेले. एकदा दुपारी फायलींच्या रॅकला टेकून उभ्याउभ्या डुलकी लागलेली मी पाहिली. मला वाटलं ते वाटलं. काय, ते तुम्हालाही कळलं असेल. तोंडी समज दिली, फरक पडला नाही, तेव्हा रीतसर कारणे दाखवा नोटीस काढली. तीन दिवसांनी मामांनी खुलासा दिला, वहीच्या फाडलेल्या पानावर. अक्षर त्यांच्या नातवाचं होतं. दोनच ओळी: “आमच्या वस्तीवर पाण्याचा टँकर रात्री एक दीड वाजता येतो. त्यामुळे झोप होत नाही. तरी माफी असावी.”

मामांचं घर त्याच वस्तीवर होतं.

मी त्यांना आत बोलावलं. म्हटलं, मामा, दोन महिने झाले, मला बोलला का नाही? मामा माझ्या टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाले, “तुमी इचारलंच नाय साहेब.”

त्या रात्री मी जाऊन थांबलो. टँकर पावणेदोनला आला. कारण साधं होतं: जिथे टँकर भरायचा, तिथल्या मोटारीला लाइट पाळीने मिळायची. दिवसाच्या पाळीत दोनच खेपा भरून व्हायच्या आणि तिसरी रात्रीच्या लाइटवर जायची. तिसरी म्हणजे वस्तीची. विहीर कोरडी ठणठणीत. बारा हजार लिटर पाणी तीत पडलं की भेगांत मुरायला लागायचं आणि तळाचा गाळ वर यायचा. म्हणून टँकरचा आवाज आला की सगळी वस्ती एकदम धावायची. पहिल्या अर्ध्या तासात जो शेंदील त्याला बरं पाणी, नंतरच्याला चहाच्या रंगाचं. बरेच गडी कामाला बाहेरगावी. पोहरे ओढत होत्या म्हाताऱ्या आणि सातवी-आठवीतल्या पोरी. एकीने डोक्याला बॅटरी बांधली होती, दुसऱ्या दोघी तिच्या उजेडात शेंदत होत्या. सकाळी त्या शाळेत जात नव्हत्या, हे मी नंतर हजेरीपटावरून पडताळलं. मामांची बायको गुडघ्याने अधू, म्हणून रात्री मामाच शेंदायचे आणि सकाळी माझ्यासाठी चहा करायला यायचे.

कागदावर मात्र शंभर टक्के खेपा पूर्ण होत्या.

लाइटची पाळी बदलणं माझ्या हातात नव्हतं. खेपांचा क्रम मात्र होता. वस्तीची खेप सकाळी पहिली केली, आणि शेंदायला लागू नये म्हणून विहिरीत न सोडता नळ बसवलेल्या पाच हजाराच्या दोन प्लास्टिकच्या टाक्यांत भरायला लावली. उरलेलं पाणी घरोघरच्या ड्रममध्ये. गावठाणात बऱ्याच घरी हौद आणि मोटारी होत्या, तिथे रात्रीच्या खेपेने फारसं बिघडणार नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी मला तेरा फोन आले, सगळे गावठाणातून. एका रात्रीची झोप गेली म्हणून. वस्तीवरून दोन महिन्यांत एकही आला नव्हता. त्यांच्याकडे माझा नंबर नव्हता, आणि असता तरी त्यांनी केला नसता.

ती नोटीस मी मागे घेतली. तिची कार्यालयीन प्रत मात्र फायलीत राहिली. आवक-जावक क्रमांक पडलेला कागद फाडता येत नाही.

पण मी स्वतः खालून वर आलोय. मला कळणारच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. विचारणारा माणूस बहुतेक वेळा मनाने चांगला असतो, म्हणून उत्तर द्यायला जड जातं.

माझी आई पाणी शेंदायची. तिच्या तळहातावर दोराचे घट्टे होते, ते मी लहानपणी बोटाने चाचपायचो. तरी वर सांगितलं ते माझ्याच हातून झालं. का झालं याचं एक उत्तर रेचल रटन आणि सहकाऱ्यांच्या 2015 सालच्या संशोधनात आहे. एखाद्या हालअपेष्टेतून जो स्वतः पार पडलाय, तो त्याच हालात टिकू न शकणाऱ्याबद्दल जास्त कळवळेल असं आपल्याला वाटतं. त्यांना उलटं आढळलं. त्यांचा एक प्रयोग थंडीत बर्फगार तळ्यात उडी मारण्याच्या कार्यक्रमात झाला. ऐनवेळी कच खाऊन माघार घेतलेल्या एका माणसाची गोष्ट लोकांना वाचायला दिली. ज्यांची उडी अजून व्हायची होती त्यांना त्याच्याबद्दल जास्त सहानुभूती वाटली. उडी मारून झालेल्यांना कमी. काय किती अवघड होतं याची नेमकी आठवण पुसट होते आणि “मी केलं ना” एवढंच ठळक उरतं.

आपल्याकडे हे बघायचं असेल तर ऊसतोडीच्या मुकादमाशी बोला. बरेच मुकादम आधी स्वतः कोयता होते. (बाहेरच्यांसाठी: नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी उचल घ्यायची आणि ऊस तोडून ती फेडायची. कामाला दांडी पडली की तो खाडा, आणि त्याचे पैसे कापतात.) माझ्या ओळखीचा एक मुकादम आहे, तोंडाचा गोड, उचलीच्या हिशेबात चोख. टोळीतल्या एका बाईला बाळंतपणानंतर फडात उभं राहवत नव्हतं आणि त्याने तिचे खाडे लावले. मी म्हटलं, अरे, कामून लावले? तो शांतपणे म्हणाला, “आमची माय फडात बाळंत झाली अन् तिसऱ्या दिशी मोळ्या बांधाया उभी राह्यली, भाऊ.” त्याने हे अभिमानाने सांगितलं. माय त्या दिवशी किती कळवळली असेल हे त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तो तेव्हा तीन दिवसांचा होता.

तेव्हा “मी भोगलंय” हा पुरावा धरू नका. भोगून किती वर्षं झाली आणि आज तुमच्या घरी पाणी कोण भरतं, ते आधी बघा.

लोक तोंडावर का सांगत नाहीत? दार तर उघडं ठेवलंय.

दार उघडं आहे हे आत बसलेल्याला दिसतं. बाहेरच्याला दाराशी स्टूलवर बसलेला माणूस दिसतो.

वाईट बातमी सांगायची वेळ आली की माणूस गप्प बसतो किंवा ती मऊ करून सांगतो. सिडनी रोझेन आणि अब्राहम टेसर यांनी हे 1970 सालीच प्रयोगातून दाखवलंय, आणि तिथे कुणी कुणाचा साहेबही नव्हता. त्यात अधिकाराची उतरंड घातली की प्रत्येक पायरीवर बातमी थोडी थोडी गोड होत जाते. वस्तीवरची बाई ग्रामपंचायतीच्या शिपायाला सांगते, “रातीचं लई हाल होतेत.” शिपाई ग्रामसेवकाला सांगतो, टँकर जरा उशिरा येतोय. ग्रामसेवक मला सांगतो, वेळेचा किरकोळ विषय आहे, बघून घेतो. मी वर सांगतो, सर्व खेपा सुरळीत. कुणीच खोटं बोललं नाही.

मग स्वतःला त्यांच्या जागी ठेवून विचार करायचा, बरोबर?

इथे माझं आणि बऱ्याच प्रशिक्षकांचं जमत नाही. डोळे मिटा, स्वतःला त्या बाईच्या जागी कल्पा, असं करून घेतात. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी 2018 साली पंचवीस प्रयोगांचा एक लेख प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून त्याच्या मनातलं ओळखायला सांगितलं, तर अंदाज जास्त बरोबर येत नव्हते. बरोबर यायला लागले ते त्या माणसाला थेट विचारल्यावर. मी डोळे मिटून वस्तीची कल्पना केली असती तर मला अकरा वाजताची विहीरच दिसली असती. रात्रीची विहीर मी पाहिलीच नव्हती.

म्हणजे विचारायचं. पण अधिकाऱ्याच्या “ठीक आहे ना?” ला “हो” शिवाय उत्तर नसतं, म्हणून प्रश्नच असा हवा की ज्याला हो-नाही म्हणता येणार नाही. मी पुढे हे ठरवून घेतलं. काल टँकर किती वाजता आला? घरातलं कोण उठलं? किती घागरी मिळाल्या? शेवटच्या घागरीचं पाणी कसं होतं, ती दाखवता का? घागर बघायला मागितली की गोष्ट उलगडते. आणि विचारायचं ते कालच्या दिवसाबद्दल. “साधारण कधी येतो” असं विचारलं की लोक आपल्याला बरं वाटेल ती वेळ सांगतात.

एकट्याने जायचं, सरपंच किंवा ग्रामसेवक सोबत न घेता. आणि सांगितलेल्यातल्या एका तरी गोष्टीचं आठ दिवसांत काहीतरी करून दाखवायचं, मग ते टाकीचा तुटलेला नळ बदलणं का असेना. पुढच्या वेळी तोंड उघडायचं की नाही, हे लोक त्यावरून ठरवतात.

सगळेच साहेब असे होतात का?

नाही, आणि हे सांगितलंच पाहिजे. मारियान श्मिड मास्ट आणि सहकाऱ्यांच्या 2009 सालच्या प्रयोगांत सत्तेच्या जागी ठेवलेली माणसं समोरच्याला ओळखण्यात उलट सरस ठरली, विशेषतः ज्यांनी हाताखालच्यांना समजून घेणारा अधिकारी अशी भूमिका घेतली होती ती. त्याआधी जेनिफर ओव्हरबेक आणि बर्नडेट पार्क यांनाही असंच काहीसं दिसलं होतं. संस्थेचं उद्दिष्ट माणसांभोवती असेल तर अधिकारी हाताखालच्या माणसाचे बारकावे लक्षात ठेवतो. उद्दिष्ट नुसत्या उत्पादनाचं असेल तर विसरतो.

मला हे पटतं, कारण माझं “उत्पादन” होतं खेपा. वरून विचारणा खेपांची होती, म्हणून मी खेपा बघितल्या, आणि त्या अगदी नीट बघितल्या. आढावा बैठकीत एखाद्याने विचारलं असतं, “रात्री नऊनंतर किती खेपा झाल्या?” तर दुसऱ्याच आठवड्यात मी घड्याळ घेऊन वस्तीवर उभा राहिलो असतो.

सरपंच बाई आहेत, कारभार यजमान बघतात. मग सत्ता कुणाची धरायची?

ज्याच्या शब्दावर टँकर वळतो त्याची. कागदावर नाव कुणाचं आहे याने लक्षाची दिशा बदलत नाही.

पण बाईच्या हातात खरोखर अधिकार आला तर काय होतं, हे तपासलेलं आहे. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या ग्रामपंचायतींचा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध केला. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं, कारण त्या गावांतल्या बायकांची मुख्य तक्रार पाण्याची होती. माझा अर्थ मी असा लावतो: पद मिळूनही घरातलं पाणी त्यांनाच भरावं लागत होतं. खुर्ची आली तरी घागर सुटली नव्हती. एका गावच्या सरपंचबाई बैठकीत एकदाच बोलल्या, पण टँकरच्या वेळा त्यांनी तोंडपाठ सांगितल्या. यजमानांना त्या ठाऊक नव्हत्या.

आपल्यात हे आलंय हे कसं ओळखायचं?

गेल्या महिनाभरात हाताखालच्या कुणी आपल्याला न आवडणारी एकही गोष्ट सांगितली नसेल, तर ती घडली नाही असं नव्हे, ती आपल्यापर्यंत आली नाही. आपल्या प्रत्येक विनोदाला हशा मिळू लागला, तर आपण विनोदी झालेलो नाही. आणि एखाद्याच्या वागण्याचं कारण मनात विचारण्याआधीच तयार असेल (माझ्या मनात मामांबद्दल होतं तसं), तर तिथे थांबायचं.

आणि खालच्याने वरच्याला सांगायचं कसं?

खालच्याने धाडस करावं असं मी कुणाला सांगत नाही. धाडसाची किंमत कोण मोजतो हे मला माहीत आहे. पण तक्रारीपेक्षा आकडा आणि वेळ लिहिलेला कागद लवकर पुढे सरकतो, कारण कागद आला की साहेबाला काहीतरी शेरा मारावाच लागतो. “पाण्याचे हाल आहेत” यावर मी काहीच केलं नसतं. “रात्री एक दीड वाजता” हे वाचलं आणि मी जीप काढायला सांगितली.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी मी त्यांना विचारलं, तुम्ही तो खुलासा स्वतःहून लिहिला असता का, नोटीस काढली नसती तर? ते हसले. म्हणाले, “नोटीस आली म्हून तर लिव्हाया जागा घावली, साहेब.”